जावळाच्या लोकरीचा चष्म्याचा पाउच

लोकर न विणता साबणाच्या गरम पाण्यात चोळून, लाटून तिचं कापड करायचं, याला ओलं फेल्टिंग म्हणतात. ते कसं करायचं याची जी माहिती सहज हाती लागते, ती बहुतेक मेरिनो मेंढीच्या बारीक लोकरीवर आणि साबणाला भरपूर फेस येईल अशा पाण्यावर बेतलेली असते. आमच्या अंबाजोगाईत दोन्ही नाहीत. इथली लोकर दख्खनी मेंढीची, काळी-करडी आणि राठ. पाणी बोअरचं, काळ्या खडकातून आलेलं आणि जड. एवढ्यावरच चष्मा ठेवायला एक बिनशिवणीचा पाउच करायचा, असं मी ठरवलं. तो झाला आणि आता रोजच्या वापरात आहे. तो करताना लोकर आणि पाणी या दोन ठिकाणी मला शिकवलेली रीत बदलावी लागली. त्यामुळे इथे जास्त त्या दोन गोष्टींबद्दलच लिहिते आहे.

सुगी उरकली की आमच्या भावकीतल्या एका रानात धनगरांचा वाडा येतो. खतासाठी रानात मेंढरं बसवतात आणि रान झालं की वाडा पुढे जातो. मेंढरं कातरून झाली होती आणि लोकरीचे ढीग बांधाला पडलेले होते. मी म्हटलं, "मामा, ही लोकर मला द्याल का? पैसे सांगा."

"पैसे कशाचे, ताई? पूर्वी सणगर यायचे, घोंगड्यासाठी न्यायचे. आता कातरायची मजुरीबी निघंना. लागंल तेवढी न्या." मग त्यांनी विचारलं, "पर करायलाव काय हिचं?"

मी सांगितलं, विणायची नाही. साबणाच्या पाण्यात मळून, लाटून कापड करायचं.

"म्हंजी जेन! आमच्या आज्याकडं होतं, बसायला. मग ही कामून नेता? ही राठ हाय, हिचं काय धरायचं न्हाई. जावळ न्या, कोकराचं."

त्यांनी वाड्यातून वेगळं बांधून ठेवलेलं गाठोडं आणून दिलं. कोकराची पहिल्यांदा कातरलेली लोकर म्हणजे जावळ. हात घातला की फरक लगेच कळतो: केस बारीक, टोकाला निमुळता आणि जरा कुरळा. मी जावळ घेतलंच, शिवाय मोठ्या मेंढीचीही थोडी लोकर मागून घेतली. मामांचं म्हणणं खरं आहे का आणि का खरं आहे, हे मला स्वतःच्या हाताने बघायचं होतं.

लोकर धरते कशामुळे हे समजलं की पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा अर्थ लागतो. लोकरीच्या प्रत्येक केसावर बारीक खवले असतात आणि त्या सगळ्यांची तोंडं टोकाकडे असतात. रानात फिरताना धोतराला किंवा साडीच्या काठाला लागलेलं कुसळ जसं कापड हललं की पुढेच सरकतं, मागे येत नाही, तसाच हा केस हलतो. ओला करून चोळला की तो मुळाच्या दिशेने सरकत राहतो. शेजारचे केस आपापल्या दिशेने सरकत असतात आणि सगळे मिळून असे गुंततात की पुन्हा सोडवता येत नाहीत. कोमट-गरम पाण्याने केस फुगून लवचिक होतो, साबणाने तो निसरडा होऊन सरकू लागतो आणि चोळण्या-लाटण्याने त्याला ढकल मिळते. बारीक आणि कुरळा केस सहज वळतो, म्हणून चांगला गुंततो. मेरिनोचा केस 18 ते 22 मायक्रॉनच्या आसपास असतो. दख्खनी मेंढीचा त्याहून बराच जाड. शिवाय तिच्या लोकरीत आतून पोकळ, ताठ असे राठ केस मिसळलेले असतात. ते वळत नाहीत आणि गुंतत नाहीत, कापडातून वर टोचत राहतात. जावळात असे केस कमी असतात.

धुण्याच्या वेळी लोकर हलवायची नाही, हे महत्त्वाचं. गरम पाण्यात घुसळलं तर ती धुतानाच धरते आणि गोळे होऊन बसतात. मी आधी लोकर झटकून, हाताने सुटी करून काड्या, कुसळं आणि लेंडीचे खडे वेचून काढले. या कामाला सगळ्यात जास्त वेळ जातो आणि त्याला पर्याय नाही, कारण एकदा कापड धरलं की त्यातलं कुसळ निघत नाही. मग रिठे रात्रभर भिजवून, उकळून, गाळून त्याचं पाणी केलं. हाताला सोसवेल इतक्या गरम पाण्यात ते मिसळलं, लोकर वरून दाबून बुडवली आणि अर्धा तास तशीच ठेवली. दख्खनी लोकरीत चिकटपणा मेरिनोइतका नसतो, माती आणि घामच जास्त. दोनदा असं भिजवल्यावर पाणी बरंच स्वच्छ दिसायला लागलं. दर वेळी लोकर उचलून बाजूला ठेवायची, भांड्यात तितकंच गरम नवं पाणी घ्यायचं आणि मग लोकर आत सोडायची. नळाची धार तिच्यावर पडता कामा नये.

रिठा घेण्याचं कारण पाणीच. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबण त्यात पडला की त्या क्षारांशी मिळून पांढरट, चिकट साय तयार होते. आपल्याकडे बादलीच्या कडेला जो थर बसतो, तो हाच. रिठ्याच्या पाण्याची अशी साय होत नाही, त्यामुळे धुण्यापुरतं बोअरचं पाणी चाललं. फेल्टिंगला मात्र खराच साबण हवा, कारण साबणाचं पाणी किंचित अल्कधर्मी असतं आणि त्यात लोकर लवकर धरते. आणि ही साय लोकरीवर बसली तर केस चिकट होतात, सरकत नाहीत. हात दुखेपर्यंत चोळा, वरून राखाडी मेण फासल्यासारखं लागतं आणि आत लोकर सुटीच राहते.

आपलं पाणी चालेल का हे आधी बाटलीत बघता येतं. एका बाटलीत बोअरचं पाणी आणि दुसरीत जारचं फिल्टरचं पाणी अर्धं अर्धं भरलं. दोन्हींत किसलेल्या साबणाची तेवढीच चिमूट टाकून हलवलं. जारच्या बाटलीत फेस गळ्यापर्यंत आला आणि टिकला. बोअरच्या बाटलीत फेस येऊन बसला, खाली पाणी गढूळ झालं आणि वर पांढरे कण तरंगू लागले. बोअरचं पाणी उकळून, गार करून, वरचं निवळ घेऊन पाहिलं तर थोडी सुधारणा झाली, कारण उकळल्यावर काही क्षार खाली बसतात. सगळे बसत नाहीत. पावसाचं पाणी साठवलेलं असेल तर त्यासारखं उत्तम काही नाही. माझ्याकडे नव्हतं, म्हणून जारचं घेतलं. छोट्या वस्तूला सहा-सात लिटरमध्ये भागतं. त्यातलं एक लिटर गरम करून त्यात साध्या आंघोळीच्या साबणाचा कीस दोन चहाचे चमचे विरघळवला. भांडी घासायचं लिक्विडही जड पाण्यात फेस देतं, पण त्याने माझ्या हाताची आग होते, म्हणून मी ते टाळते.

लोकर सावलीत वाळवून पिंजली. पिंजाऱ्याकडे एवढीशी लोकर देण्यात अर्थ नसतो. कुत्र्याचे केस विंचरायला बारीक वाकड्या तारांचे ब्रश मिळतात, तसे दोन घेऊन त्यांच्यामध्ये लोकर विंचरली. केस एका दिशेला लागले, राहिलेलं कुसळ गळलं आणि हलक्या पट्ट्या तयार झाल्या.

आता नमुना. पाउच किती मोठा मांडायचा हे लोकर किती आटते त्यावर ठरतं. प्रत्येक लोकर वेगळी आटते, त्यामुळे हा आकडा दुसऱ्याकडून उसना घेता येत नाही. मी जावळाचा 20 सेंटिमीटरचा चौकोन मांडला, 18 ग्रॅमचा, एकमेकांना आडव्या-उभ्या अशा चार पातळ थरांचा. शेजारी मोठ्या मेंढीच्या लोकरीचा अगदी तसाच दुसरा. दोन्ही सारखेच भिजवले, सारखेच चोळले, सारखेच लाटले. जावळाचा चौकोन दोन्ही बाजूंनी 14 सेंटिमीटरवर आला आणि घट्ट झाला. कापला तर कड सुटली नाही. मोठ्या मेंढीचा 17 वर अडला. त्यानंतर कितीही लाटलं तरी हलला नाही, उजेडासमोर धरला तर विरळ जागा दिसत होत्या आणि ओढला तर फाटत होता. मामांच्या बोलण्याचा अर्थ तो तुकडा हातात आल्यावर मला पूर्ण कळला. जाड केस थोडे गुंततात, पण एकमेकांना आवळत नाहीत.

20 चे 14 म्हणजे तीस टक्के आट. मला पाउच साधारण 18 बाय 9 हवा होता. 18 ला 0.7 ने भागलं की जवळपास 26 आणि 9 ला भागलं की 13. म्हणून 26 बाय 13 चा साचा कापला. साचा म्हणजे दोन बाजू एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये ठेवायचा सपाट तुकडा. जुन्या फ्लेक्स बॅनरचा तुकडा यासाठी फार चांगला निघाला. पाण्याने भिजत नाही आणि लोकरीतूनही त्याची कड बोटाला लागते. कोपरे गोल कापले, कारण टोकदार कोपऱ्यावर लोकर जमून गाठ होते.

नमुन्याच्या हिशेबाने एका बाजूला 15 ग्रॅम लोकर येत होती. दोन्ही बाजूंची आधीच तोलून वेगळी ठेवली आणि प्रत्येकीचे चार भाग केले, म्हणजे एकेक थर पावणेचार ग्रॅमचा. ओट्यावर बबल रॅप अंथरला. लोकरीच्या पट्टीच्या टोकावर एक हात सपाट ठेवून दुसऱ्या हाताने पट्टी ओढली की पातळ झुपका सुटून येतो. असे झुपके कौलांसारखे एकावर एक चढवत पहिला थर उभा घातला, दुसरा आडवा, तिसरा पुन्हा उभा, चौथा आडवा. साच्याच्या बाहेर चारही बाजूंनी दोन बोटं लोकर जास्त राहील असं पाहिलं. ही बाहेर राहिलेली लोकर पातळच हवी. ती पुढे दुसऱ्या बाजूवर दुमडली जाते आणि जाड असेल तर कडेला वरंबा उठतो.

वरून मच्छरदाणीचा तुकडा पसरला आणि साबणाचं गरम पाणी शिंपडलं. धार धरायची नाही, लोकर वाहते. तळहाताने मधून कडेकडे दाबत आतली हवा काढली. लोकर चपटी, ओली आणि चकचकीत दिसायला हवी. भोवती तळं साचलं तर पाणी जास्त झालं, ते फडक्याने टिपून घ्यायचं. पाणी आणि फेस फार झाला तर केस तरंगतात, एकमेकांना लागतच नाहीत. मग साचा वर ठेवला, त्यावर बाहेर आलेली कोरडी कड दुमडून घेतली आणि दुसऱ्या बाजूचे चार थर मांडले. ते भिजवून पूर्ण जुडगं उलटं केलं आणि त्यांची कड पहिल्या बाजूवर दुमडली. आता साचा लोकरीच्या पिशवीत पूर्ण बंद झाला, कुठेही तोंड नाही.

सुरुवातीचं चोळणं नुसतं फिरवल्यासारखं असतं. जाळीवरून साबण लावलेले हात हलके, गोल गोल, काहीही वजन न देता. या वेळी जोर लावला तर केस गुंतण्याऐवजी जागेवरून घसरतात आणि आत भोक पडतं. ते नंतर भरत नाही. दर थोड्या वेळाने जाळी उचलून घेत होते, नाहीतर केस जाळीतूनच धरायला लागतात. पाणी गार झालं की टिपून पुन्हा गरम शिंपडायचं. एकेका बाजूला दहा-पंधरा मिनिटं असं केल्यावर चिमटीची परीक्षा घेतली. दोन बोटांच्या चिमटीत पृष्ठभाग हलकेच उचलायचा. एकेक केस सुटा वर आला तर अजून चोळायचं. सगळी कातडी एकदम उचलली गेली तर लाटायला हरकत नाही. जावळाला मेरिनोपेक्षा इथे बराच जास्त वेळ लागतो. माझ्या मते दख्खनी लोकर धरत नाही असं म्हणणारे पुष्कळजण या टप्प्यावर घाई करून सोडून देत असावेत.

याच टप्प्यावर कडांकडे लक्ष द्यावं लागतं. साच्याच्या काठावर दोन बाजूंची लोकर भेटते. तिथे ती सैल लोंबत राहिली तर आपापसात धरून उभी शिवण तयार होते. मी कड बोटांनी साच्यावर ताणून घट्ट बसवली, आणि नंतर साचा आतल्या आत फिरवून कड मधोमध आणली आणि तिला सपाट चोळली.

मग लाटणं. खिडकीच्या जुन्या बांबूच्या चिकाचा तुकडा घेतला, त्यावर जुडगं ठेवलं, पाण्याच्या पाइपच्या हातभर तुकड्यावर चिक गुंडाळला आणि दोन्ही टोकांना दोरी बांधली. कोपरापासून तळहातापर्यंत लोळवत शंभर वेळा. सोडायचं, पाव फेरा फिरवायचं, पुन्हा शंभर. चारही दिशा झाल्या की उलटवायचं आणि पुन्हा तेच. लोकर ज्या दिशेने लोळवाल त्या दिशेला आटते. हा नियम पुढे फार उपयोगी पडतो, कारण पाउच लांबीला जास्त राहिला तर लांबीच्याच दिशेने आणखी लाटून तो जागेवर आणता येतो.

दुसऱ्या फेरीत हाताला आतला साचा वाकल्याचा लागला. बाहेरची लोकर आटते, साचा आटत नाही, मग तो आत कमानीसारखा वळतो. तोंड कापायची हीच वेळ. त्याआधी कापलं तर कड विस्कटते, फार उशीर केला तर साच्याच्या सुरकुत्या कापडात कायमच्या उमटतात. एका आखूड बाजूला धारदार कात्रीने चीर दिली आणि साचा काढला. कापलेल्या कडेवर साबणाचं बोट एका दिशेने बराच वेळ फिरवलं; कापलेले केस आत गुंतले आणि कड गोल, बंद झाली. पाउच उलटा केला तेव्हा आतल्या एका कोपऱ्यात पातळ जागा दिसली. तिथे जावळाचे दोन विरळ झुपके ठेवून पुन्हा चोळलं. तोंड कापल्यावर लगेच पाहिलं म्हणूनच हे जमलं. कापड घट्ट झाल्यावर नवी लोकर त्यावर धरत नाही.

शेवटचा भाग जोराचा. आतापर्यंत जे टाळलं ते सगळं आता करायचं: गरम पाण्यात बुडवून मळायचं, धुण्याच्या दगडावर घासायचं, गोळा करून मोरीत आपटायचं. लोकर डोळ्यांदेखत लहान होते. मी मोजपट्टी शेजारीच ठेवली होती. 22, मग 20, मग 19. रुंदी नऊवर आली आणि लांबी साडेअठरावर, तिथे थांबले. दोन्ही बाजूंनी ओढलं तर कापड ताणलं गेलं नाही आणि पृष्ठभागावर बारीक दाणेदार सुरकुती दिसत होती. पक्कं धरल्याची ही खूण. आणखी आटवलं असतं तर चष्मा आत गेला नसता आणि आटलेलं मागे येत नाही.

साबण काढतानाही पहिली दोन पाणी जारचीच वापरली. साबण भरलेली लोकर थेट बोअरच्या पाण्यात घातली तर तीच साय आता कापडाच्या आत तयार होते आणि वाळल्यावर काळ्या रंगावर पांढरट डाग दिसतात. मग लिटरभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून त्यात दहा मिनिटं ठेवला. साबणाचा उरलेला अल्कधर्मीपणा त्याने जातो. तो राहिला तर लोकर हळूहळू ठिसूळ होते. टॉवेलमध्ये दाबून पाणी काढलं, आत कागदाचा बोळा भरून आकार दिला आणि सावलीत वाळवला.

वाळल्यावर जावळातलेही काही राठ केस वर उभे राहिले. ते चिमट्याने उपटू नयेत, भोवतीची लोकर सैल होते. दाढीच्या रेझरने पृष्ठभाग हलकेच खरवडला की जातात, थोड्या वापरानंतर पुन्हा वर येतात, पुन्हा खरवडायचे. गळ्याशी किंवा अंगाशी लागेल असं काही या लोकरीचं करू नये. पाउच, आसन, गरम भांड्याखाली ठेवायची चकती, एवढ्यासाठी ती चांगली.

मोठ्या मेंढीची उरलेली लोकर मी नंतर आसनात वापरली. सहा थरांतले मधले दोन तिचे, वरचे आणि खालचे दोन-दोन जावळाचे. जावळाचे केस मधून आरपार जाऊन जाड लोकरीला धरून ठेवतात. मधले थर दोनाचे तीन केले तेव्हा आसन मधोमध सुटं झालं, दोन पदर बोटांनी वेगळे होत होते. म्हणजे माझ्या लोकरीला तिसऱ्या हिश्श्याच्या पुढे राठ केस सोसत नाहीत. पुढच्या कातरणीची लोकर दुसऱ्या कळपाची असेल तर हे प्रमाण आणि तीस टक्क्यांचा आकडा, दोन्ही पुन्हा 20 सेंटिमीटरच्या चौकोनावर तपासून घ्यावे लागतील.